अपडेटनंतर बाईंचा फोन घरात वाजेनासा झाला

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. माणसांची आणि कंपन्यांची नावं मी सांगत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ज्यांच्या फोनची ही गोष्ट, त्या बाईंनी मला चौथीत शिकवलंय. त्या आता ७४ वर्षांच्या आहेत, निवृत्त आहेत, घरात एकट्या असतात. मुलगा शारजाला नोकरी करतो.

घर जांभ्याचं, जुनं, भिंती हातभर जाड. टॉवर डोंगराच्या पलीकडे. अंगणात फोर-जीच्या दोन दांड्या मिळतात, ओटीवर एक, आणि माजघरात कधी एक तर कधी काहीच नाही. पावसाळ्यात झाडं भरली की त्यातलंही थोडं जातं. आधी बाई फोन खिडकीच्या चौकटीवर ठेवून कान तिकडे लावून बसायच्या. दोन वर्षांपूर्वी वाडीत फायबरचं इंटरनेट आलं, तेव्हा मी त्यांच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. तेव्हापासून फोन घरात कुठेही ठेवला तरी वाजायचा.

वायफाय कॉलिंग त्यांना एवढं गरजेचं का, हे मुलामुळे कळतं. अमिरातीत व्हॉट्सअॅपचे कॉल चालत नाहीत. त्यामुळे तो रोज रात्री साडेनऊला साधा फोन करतो, आणि तो साधा फोन बाईंच्या घरातल्या वायफायवरून वाजतो.

शिवाय बाईंना ऐकायला कमी येतं. दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि ती ब्लूटूथने फोनला जोडलेली आहेत. फोनचा आवाज थेट कानात येतो. ही गोष्ट मला माहीत होती, तरी नेमक्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही. ते पुढे येईलच.

अडचण

जूनमधल्या एका मंगळवारी रात्री फोनने आपलं आपण सुरक्षा अपडेट घेतलं आणि पहाटे बंद होऊन चालू झाला. बुधवारी रात्री मुलाचा फोन आला नाही. गुरुवारी त्याने शेजाऱ्यांकडे फोन केला: "आईचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर सांगतोय, जरा बघता का?" शेजारी बघायला गेले तर बाई ओटीवर पेपर वाचत बसलेल्या, फोन शेजारी, त्यावर बातम्यांचे व्हिडिओ व्यवस्थित चाललेले.

शनिवारी बाजाराला आल्या तेव्हा त्या थेट दुकानात आल्या.

"अरे, नेट चालतंय, फोन तेवढा येत नाही. आणि बँकेचा नंबर येतो ना, तो अंगणात गेल्यावरच येतो. घरात कितीही वेळ बसले तरी येत नाही."

या एका वाक्यात निम्मं निदान होतं. वायफाय कॉलिंग चालू असलं की नुसते कॉलच नाही, साधे एसएमएससुद्धा वायफायवरून येतात. घरात ओटीपी येत नाही, अंगणात गेलं की लगेच येतो, याचा अर्थ फोन कंपनीच्या बोलण्याच्या यंत्रणेशी वायफायवरून जोडलाच जात नव्हता. इंटरनेट शाबूत होतं.

दुकानासमोर फोर-जी चांगलं आहे. मी त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर कॉल लावला आणि वरच्या पट्टीकडे बघत राहिलो. आधी ४G दिसत होतं. कॉल लावल्यावर सात-आठ सेकंद काहीच नाही, मग पट्टीवर टू-जीचं E आलं आणि त्यानंतर माझा फोन वाजला. कॉल चालू असताना व्हिडिओ अडकला. कॉल कापल्यावर थोड्या वेळाने पुन्हा ४G. म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, व्होल्टी, तीही गेली होती. व्होल्टी चालू असताना कॉलमध्ये ४G हलत नाही, आणि समोरचा फोन दोन-तीन सेकंदांत वाजतो.

फोर-जीच्या जाळ्यात जुन्या पद्धतीची बोलण्याची वेगळी लाईन नाही, तिथे सगळा कारभार डेटाचा. आवाजही डेटा म्हणूनच पाठवायचा असतो, आणि त्यासाठी फोनला कंपनीच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत नोंद करावी लागते. ही नोंद टॉवरवरून झाली की ते व्होल्टी. वायफायवरून, सिमची ओळख दाखवून बांधलेल्या बंद बोगद्यातून झाली की ते वायफाय कॉलिंग. नोंदच झाली नाही तर फोन प्रत्येक कॉलला फोर-जी सोडून खाली टू-जीवर उतरतो. अंगणात टू-जी मिळत होतं म्हणून तिथे कॉल लागत होता. माजघरात टू-जीही नाही, म्हणून तिथे "संपर्क क्षेत्राबाहेर".

तोपर्यंत बाईंनी स्वतः दोन गोष्टी केल्या होत्या. फोन दोनदा बंद-चालू केला होता, आणि सिम कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलल्या होत्या. तिथून उत्तर मिळालं होतं की सिम जुनं आहे, बदलून घ्या.

समोर असलेले पर्याय

सिम बदलणं हा सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता होता आणि बाई त्याच तयारीने आल्या होत्या. मी थांबवलं. आपल्याकडे सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण बाईंची पेन्शन काढणं, वीजबिल भरणं, सगळं ओटीपीवर. आणि सिम मंगळवारपर्यंत चालत होतं. मधे बदललं होतं ते फोनचं सॉफ्टवेअर.

पुढच्या अपडेटची वाट बघणं हा दुसरा पर्याय. पण ती महिन्याने येणार की तीन महिन्यांनी, कुणाला सांगता येणार? एकट्या बाईला पावसाळ्यात घरात फोन नसताना ठेवायचं मला पटत नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर परत घालणं मी विचारातच घेतलं नाही. त्यात फोन पुसला जातो, आणि बरेच फोन मागच्या आवृत्तीवर जायला तयारच होत नाहीत. सगळा फोन कोरा करणं हा शेवटचा उपाय, तो शेवटीच.

उरलं काय, तर फोनमधली सिम कंपनीची सेटिंग ताजी करणं. प्रत्येक फोनमध्ये कंपनीगणिक एक सेटिंगची फाईल असते. सिम घातलं की फोन त्यावरचा नंबर वाचतो. भारतातल्या सिमचा तो नंबर ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, पुढचे आकडे कंपनी आणि विभाग सांगतात. त्यावरून फोन आपली फाईल शोधतो. या कंपनीवर व्होल्टी द्यायचं का, वायफाय कॉलिंग दाखवायचं का, आधी कुठला रस्ता धरायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. अपडेटनंतर ही फाईल नीट लागली नाही तर दोन्ही सोयी एकदम जातात. बाईंकडे नेमकं तसंच दिसत होतं.

ही फाईल ताजी करायचे रस्ते हलक्यापासून जडापर्यंत असे आहेत. विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करायचा. यात फाईल बदलत नाही, पण आयएमएसची नोंद नव्याने होते. फोन बंद करून सिम काढायचं, परत घालायचं. यात सिम नव्याने ओळखलं जातं आणि फाईल पुन्हा वाचली जाते. त्यानंतर मोबाईल नेटवर्कची सेटिंग मूळ पदावर आणायची. आयफोनवर वेगळी सोय आहे: वायफाय चालू ठेवून Settings, मग General, मग About उघडायचं आणि अर्धा-एक मिनिट त्याच पानावर थांबायचं. नवी फाईल आली असेल तर Carrier Settings Update असा प्रश्न येतो. काहीच आलं नाही तर नवी फाईल नाही, इतकंच. बाईंचा फोन मात्र अँड्रॉइडचा.

काय केलं: पहिला दिवस

विमान मोड केला, फरक नाही. सिम काढून पुसून घातलं, फरक नाही. दुकानात शनिवारची गर्दी होती. मी पटकन नेटवर्क रीसेट केलं. इथे चुकलो.

नव्या अँड्रॉइडमध्ये मोबाईल नेटवर्कचं रीसेट वेगळं आणि वायफाय-ब्लूटूथचं वेगळं असतं. बाईंच्या फोनवर जुनी पद्धत होती: एकच बटण, त्यात तिन्ही. मी ते दाबलं आणि घरच्या वायफायचा पासवर्ड गेला, कानातल्या दोन्ही यंत्रांची जोडणीही गेली. बाईंनी विचारलं, "अरे, कानात आवाज का येईना?" तेव्हा लक्षात आलं. यंत्रं परत जोडायला त्यांच्या कानाच्या डॉक्टरांनी दिलेलं वेगळं अॅप उघडावं लागलं, यंत्रांची झाकणं उघडून बंद करावी लागली, अर्धा तास गेला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

आणि एवढं करूनही व्होल्टी आलं नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे मी तेव्हाही सिमच्या सेटिंगचं पान नीट बघितलं नव्हतं. रीसेट करून झाल्यावर बघितलं. त्या पानावर ४G कॉलिंगचं बटण बंद नव्हतं, ते तिथे नव्हतंच. वायफाय कॉलिंगची ओळही नव्हती.

या दोन गोष्टींत फार अंतर आहे. बटण दिसतंय, चालू आहे आणि तरी नोंद होत नाही, तर दोष बहुधा जोडणीत: कंपनीकडे सेवा चालू नाही, सिम खराब आहे, किंवा वायफायवर काहीतरी अडतंय. पण बटणच नाहीसं झालं तर फोनला कुणीतरी सांगितलंय की या कंपनीवर ही सोय दाखवायची नाही. मग सिम बदलून, राऊटर बदलून काही होणार नाही. हे रीसेटच्या आधी बघितलं असतं तर बाईंची यंत्रं सुटली नसती.

मी त्यांना सांगितलं, उद्या रविवार आहे, लॅपटॉप घेऊन घरी येतो.

काय केलं: दुसरा दिवस, बाईंच्या घरी

घरी जाण्याचं कारण साधं होतं. दोष घरात जाणवतो, तर तपास तिथेच व्हायला हवा.

पहिल्यांदा सिमची अदलाबदल. माझ्याकडे त्याच कंपनीचं सिम आहे. बाईंचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं आणि माझा फोन त्यांच्या वायफायला जोडला. दोन मिनिटांत वायफाय कॉलिंगचं चिन्ह आलं, माजघरातून शेजाऱ्यांना फोन लागला. म्हणजे सिम चांगलं, कंपनीकडे सेवा चालू, राऊटरही वाट देतोय. मग माझं सिम त्यांच्या फोनमध्ये. बटणं नाहीतच. दोष फोनमध्येच आहे, हे पाच मिनिटांत पक्कं झालं. त्यासाठी काहीही पुसावं लागलं नाही. सिम बदलायला सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

ही अदलाबदल राऊटरसाठीही महत्त्वाची असते. वायफाय कॉलिंगचा बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांतून जातो. काही कार्यालयांच्या आणि हॉटेलांच्या वायफायवर ते बंद ठेवलेले असतात. अशा ठिकाणी बटण चालू दिसतं, इंटरनेट पळतं, पण कॉल मात्र टॉवरवरच जातो. त्याच वायफायवर दुसऱ्या फोनने काम केलं की तो संशय संपतो.

मग लॅपटॉप काढला. फोनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून केबल लावली आणि फोनला विचारलं की या सिमसाठी तुझ्याकडे काय लिहिलंय:

```
adb shell "dumpsys carrier_config | grep -E 'volte_available|wfc_ims_available'"
```

उत्तरात या दोन ओळी होत्या:

```
carrier_volte_available_bool = false
carrier_wfc_ims_available_bool = false
```

पहिली ओळ व्होल्टीची, दुसरी वायफाय कॉलिंगची. दोन्हीकडे "नाही". मग grep काढून सगळी यादी वाचली तेव्हा खरी गोष्ट दिसली. या यादीत एक भाग अँड्रॉइडच्या मूळ सेटिंगचा असतो आणि एक भाग कंपनीच्या फाईलमधून आलेला. कंपनीचा भाग रिकामा होता. अँड्रॉइडच्या मूळ सेटिंगमध्ये या दोन्ही सोयींचं उत्तर "नाही" असंच आहे. कंपनीची फाईल येऊन "हो" म्हणते तेव्हाच बटणं दिसतात. फाईल चुकीची नव्हती, आलीच नव्हती.

ही फाईल फोनमधलंच एक अॅप देतं. मग ते कुठे गेलं? बंद केलेल्या अॅपची यादी मागवली:

```
adb shell pm list packages -d
```

यादीत १९ नावं आली. आणि त्यात हे होतं:

```
package:com.android.carrierconfig
```

मी बाईंना विचारलं, फोनला कुणी कॉम्प्युटर लावला होता का. त्यांनी आठवून सांगितलं, "गणपतीत पुतण्याचा मुलगा आला होता. फोन हळू चालतो म्हणून त्याने काहीतरी साफ करून दिलं. खरंच छान चालायला लागला होता रे."

पोराने चांगल्या मनाने केलं होतं. फोन हलका करण्याच्या तयार याद्या फिरत असतात, त्यातली एक त्याने चालवली. त्यात हे नाव होतं, आणि नावावरून ते फुकटचं कंपनीचं अॅप वाटतं.

मग गणपतीपासून जूनपर्यंत नऊ महिने सगळं सुरळीत कसं चाललं? यातच या प्रकरणाची गाठ आहे. फोन कंपनीची फाईल दर वेळी नव्याने मागवत नाही. एकदा मिळाली की त्या सिमच्या नावाने जपून ठेवतो आणि पुढे तीच वाचतो. त्यामुळे अॅप बंद होऊनही जपलेल्या फाईलवर काम चालू राहिलं. पण अपडेट झालं की फोनच्या सॉफ्टवेअरची ओळख बदलते, आणि अँड्रॉइड जपलेल्या फाईली जुन्या समजून पुसून टाकतो. नंतर नवी मागायला गेला तर देणारं अॅप बंद. म्हणून मूळ सेटिंग लागली आणि "नाही" आलं. अपडेटने काही मोडलं नव्हतं, नऊ महिन्यांपूर्वीची मोड उघडी पडली होती. आणि माझ्या शनिवारच्या रीसेटने काही होणारच नव्हतं, कारण त्यानंतरही फोन त्याच बंद दारावर जाऊन उभा राहत होता.

दार उघडलं:

```
adb shell pm enable com.android.carrierconfig
adb reboot
```

फोन चालू झाल्यावर सिमच्या पानावर दोन्ही बटणं होती. अंगणात जाऊन कॉल केला: ४G हललं नाही, तिसऱ्या सेकंदाला माझा फोन वाजला. बाईंनी स्वतः ऐकून सांगितलं, "आवाज पूर्वीसारखा स्वच्छ आला."

अर्धंच काम झालं होतं

वायफाय कॉलिंगचं बटण चालू केलं. तपासायचा पक्का उपाय म्हणजे विमान मोड लावायचा, मग फक्त वायफाय चालू करायचं आणि कॉल करायचा. टॉवरचा रस्ताच नसल्यामुळे कॉल लागला तर तो वायफायवरूनच. लागला. विमान मोड काढला, माजघरात गेलो आणि पुन्हा कॉल केला. तुटक आवाज आला आणि तो कापला गेला.

हे बघून घाईत कुणीही म्हणेल की वायफाय कॉलिंग अजून बिघडलेलंच आहे. पण विमान मोडमध्ये ते नीट चाललं होतं, म्हणजे बोगदा ठीक होता. मग विमान मोड काढल्यावर बदललं काय? टॉवर परत आला.

वायफाय कॉलिंगच्या पानावर पसंतीची एक निवड असते: आधी मोबाईल नेटवर्क, की आधी वायफाय. नव्याने आलेल्या कंपनीच्या फाईलने ती आधी मोबाईल नेटवर्कवर ठेवली होती. शहरात ते बरोबर आहे. बाईंच्या माजघरात मात्र फोन त्या एका मरतुकड्या दांडीला धरून बसत होता. दांडी पूर्ण गेली तरच वायफायकडे वळणार, आणि ती पूर्ण जात नव्हती. दोन वर्षांपूर्वी मीच ही निवड आधी वायफाय अशी करून ठेवली होती आणि विसरलो होतो. ती परत केली. माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, तिन्हीकडे दोन-दोन कॉल केले. सगळे लागले.

मग बाईंना फोन देऊन बोलत बोलत अंगणात यायला सांगितलं. घरातून निघालेला वायफायवरचा कॉल अंगणातल्या फोर-जीवर न तुटता सरकला. पण त्या पुढे विहिरीकडे गेल्या तेव्हा कापला गेला. तिथे फक्त टू-जी आहे, आणि घरातून निघालेला चालू कॉल तिथे टू-जीवर उतरत नाही. ही मर्यादा आधीही होती, यापुढेही राहील. बाईंना सांगून ठेवलं की बोलताना विहिरीकडे जायचं नाही, जायचंच असेल तर आधी फोन ठेवायचा आणि तिथून नव्याने लावायचा.

निकाल

रविवारी रात्री साडेनऊला मी घरी परतलो होतो. नऊ पस्तीसला बाईंचा फोन आला: "आला रे त्याचा फोन. माजघरातच बसले होते." सोमवारी सकाळी पोस्टाच्या बचत खात्याचा ओटीपीही घरातच आला.

बाकीची १८ बंद अॅप मी तशीच ठेवली, फक्त नावं एकेक वाचून बघितली. त्यात फोन, संदेश किंवा सिमशी संबंध असलेलं दुसरं काही नव्हतं. पुतण्याच्या मुलाला फोन करून सांगितलं, रागावलो नाही. त्याने तीच यादी घरातल्या आणखी दोन फोनांवर चालवली होती. त्यांना अजून अपडेट आलं नव्हतं, म्हणून ते चालत होते. त्याने त्याच रात्री दोन्ही ठीक केले.

एक गोष्ट उरते ती विजेची. वीज गेली की राऊटर बंद, राऊटर बंद की घरातला फोन बंद. राऊटरसाठी छोटी बॅटरी मिळते, ती बाईंनी माझ्याकडूनच घेतली. आता दोन-अडीच तासांची सोय आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा सिम बदलण्याची. ते थांबवलं हे बरोबर झालं. पण मी अनुभवाने थांबवलं, पुराव्याने नाही. अदलाबदलीचा पुरावा शनिवारी दुकानात पाच मिनिटांत मिळाला असता.

दुसरी जागा रीसेटची. आज तसाच फोन समोर आला तर मी आधी सिमच्या सेटिंगचं पान उघडीन. बटण आहे की नाही एवढंच बघायचं. आहे, तर डायलरवर *#*#4636#*#* दाबून फोनच्या माहितीच्या पानावर आयएमएसची नोंद झाली आहे का ते तपासायचं. काही कंपन्यांच्या फोनवर हा आकडा काम करत नाही, तिथे कॉलमध्ये ४G टिकतं का हेच बघायचं. आयफोनवर About च्या पानावर सिमच्या माहितीत IMS Status अशी ओळ असते, तिथे Voice & SMS दिसलं की नोंद झालेली आहे. बटण नसेल तर आधी बंद केलेली अॅप बघायची, रीसेट नंतर. आणि रीसेट करायचंच असेल तर वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून घ्यायचा आणि ब्लूटूथवर काय काय जोडलंय ते ग्राहकाला विचारायचं. घड्याळ सुटलं तर चालतं, श्रवणयंत्र सुटलं तर माणूस एकटा पडतो.

तिसरी जागा लॅपटॉपची. मला नंतर लक्षात आलं की हे केबलशिवायही झालं असतं. अॅपच्या यादीत वरच्या तीन टिंबांत Reset app preferences असा पर्याय असतो. तो दाबला की वापरकर्त्याच्या नावाने बंद केलेली अॅप पुन्हा चालू होतात, फोनमधला डेटा जात नाही. यात बाकीची १८ अॅपही जागी झाली असती, अॅपच्या सूचना आणि परवानग्यांची काही निवड मूळ पदावर गेली असती. पण लांबच्या गावातल्या माणसाला फोनवरून सांगायला हाच रस्ता सोपा आहे. मात्र यादी चालवणाऱ्याने अॅप बंद न करता वापरकर्त्यापुरतं काढूनच टाकलं असेल तर हा उपाय लागू होत नाही. तेव्हा ते परत बसवावं लागतं:

```
adb shell cmd package install-existing com.android.carrierconfig
```

चौथी जागा तपासण्याची. शनिवारी माझ्या हातून व्होल्टी सुरू झालं असतं, तरी मी बाईंना दुकानातूनच घरी पाठवलं असतं, आणि पसंतीच्या निवडीमुळे रात्री साडेनऊला फोन पुन्हा वाजला नसता. दुकानात चार दांड्या असताना वायफाय कॉलिंग चालतंय की नाही, हे विमान मोडशिवाय कळतच नाही. आता असा फोन दुरुस्त करून देताना मी दोन कॉल करतो, एक विमान मोडमध्ये आणि एक साध्या मोडमध्ये. त्यानंतर माणूस घरी पोचला की तिथून एक कॉल करायला सांगतो, आणि तो येईपर्यंत वहीतली ओळ खोडत नाही.